ऑर्डर नोंदवायची कधी, फराळ न्यायचा कधी

घरगुती फराळाच्या फॉर्मवर ‘ऑर्डर देण्याची तारीख’ असे लिहिले की त्याचे दोन अर्थ निघतात. गिऱ्हाइकाने मागणी कळवायची ती तारीख, की तयार फराळ त्याच्या हाती द्यायचा ती? मराठीत ‘ऑर्डर देणे’ दोन्ही बाजूंनी चालते. गिऱ्हाईक ऑर्डर देते, आणि डबे भरून झाले की करणारीही ऑर्डर देते. ‘१ नोव्हेंबरपर्यंत ऑर्डर दिली जाईल’ हे वाक्य वाचून एकजण १ तारखेला पिशवी घेऊन दारात उभा राहतो, तर दुसरा त्याच दिवशी दोन किलो चकल्या सांगायला फोन करतो. दोघांनीही वाक्य नीटच वाचलेले असते. म्हणून फॉर्मवर ‘देणे’ हे क्रियापदच टाळलेले बरे. मागणी ‘नोंदवायची’, पैसे ‘भरायचे’ आणि फराळ ‘न्यायचा’ अशी तीन कामांची तीन वेगळी क्रियापदे ठेवली की निम्मे फोन कमी होतात.

पदार्थांची नावे आणि दर सगळ्यांनाच नीट लिहिता येतात. भांडण होते ते बाकीच्या तीन ओळींवरून: किमान किती घ्यायचे, आगाऊ किती भरायचे आणि कधी न्यायचे. या ओळी बहुधा दुसऱ्या कोणाच्या फॉर्मवरून उतरवलेल्या असतात, आणि तिथेच चूक होते. हे तिन्ही आकडे ज्याच्या त्याच्या कढईवरून, गिरणीवरून आणि कॅलेंडरवरून ठरतात. ते कसे, हे एका नमुन्यावरून पाहता येईल. समजा, पुण्यात एका घरी दोघी जणी मिळून फराळ करतात. शेगड्या दोन, सोऱ्या एक. पदार्थ पाच: भाजणीची चकली, बेसनाचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा, सुक्या खोबऱ्याची करंजी आणि अनारसे. वर्ष २०२६. त्या वर्षी लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला आहे आणि पहिली आंघोळही त्याच पहाटे. म्हणजे शनिवारी रात्रीपर्यंत फराळ प्रत्येकाच्या घरी पोहोचलेला हवा.

सुरुवात किमान प्रमाणापासून. चकलीच्या भाजणीत साधारणपणे चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभरा डाळ आणि एक वाटी उडदाची डाळ पडते, शिवाय घरोघरच्या पद्धतीने मूगडाळ, पोहे, धने, जिरे. हे सगळे वेगवेगळे भाजून, गार करून गिरणीत द्यायचे. गिरणीत थोडे दळण दिले तर आधीच्याचे गव्हाचे किंवा ज्वारीचे पीठ त्यात मिसळते आणि चकली सोऱ्यातून पडताना तुटू लागते. म्हणून भाजणी एकदम पाच-सहा किलोच करावी लागते. कढईचेही तसेच. एका घाण्यात आठ चकल्या बसतात, आणि मध्यम आचेवर बुडबुडे शांत होईपर्यंत तळायच्या तर घाण्याला आठ मिनिटे लागतात. तासाला साठ चकल्या झाल्या. एक चकली पंचवीस ग्रॅमची धरली तर दीड किलो. दिवसात पाच तास तळण केले, तर साडेसात किलोच्या वर काही जात नाही. त्यातही मोडक्या चकल्या वजा जातात, तेव्हा सात किलो धरलेले बरे. चार दिवस चकलीला दिले की अठ्ठावीस किलो. दिवाळीची सगळी चकली एवढीच.

आता ही अठ्ठावीस किलो पाव-पाव किलोने विकायची ठरवली तर चकलीचीच एकशे बारा पाकिटे होतात. म्हणजे एकशे बारा वेळा वजन करणे, पाकीट बंद करणे, नाव लिहिणे, आणि तितक्या लोकांचे फोन घेणे. अर्ध्या किलोला हेच काम छप्पन्नवर येते. किमान प्रमाण हे असे निघते. तळण कितीही झाले तरी दोन माणसांच्या हातून किती पुड्या बांधून होतील यावर ते ठरते. ज्यांच्याकडे पाकिटे भरायला घरात आणखी दोन हात आहेत, त्यांनी पाव किलोही ठेवायला हरकत नाही.

आकडा ठरला तरी शब्द चुकतात. ‘किमान ऑर्डर १ किलो’ ही ओळ सर्रास दिसते. ती प्रत्येक पदार्थाला लागू की सगळ्या मिळून? गिऱ्हाईक आपल्या सोयीचा अर्थ घेते: पाव किलो चकली, पाव किलो लाडू, पाव किलो चिवडा आणि तेवढीच करंजी, झाले एक किलो. करणारीच्या मनात मात्र चकलीच एक किलो असते. त्यामुळे ओळ लांब झाली तरी चालेल, पण ती अशी हवी: ‘चकली, लाडू आणि चिवडा यांतील प्रत्येक पदार्थ किमान अर्धा किलो घ्यावा, त्यापुढे पाव किलोच्या पटीत वाढवता येईल. करंजी किमान १५ नग, अनारसे किमान १२ नग. सर्व पदार्थ मिळून ऑर्डर किमान १,००० रुपयांची असावी.’ एकूण ऑर्डरचा किमान आकडा किलोत न लिहिता रुपयांत लिहिण्याला कारण आहे. नगावर विकलेल्या करंज्या किलोच्या हिशेबात कशा धरायच्या, हा प्रश्न मग उरतच नाही.

नग आणि वजन यांचा गोंधळ चकलीत जास्त होतो, कारण लोक चकल्या मोजतात. ‘मागच्या वर्षी किलोत बेचाळीस होत्या, यंदा अडतीसच’ ही तक्रार फराळवाल्या घरांना तोंडपाठ आहे. हाताने पाडलेली चकली एकसारखी पडत नाही. साडेतीन वेढ्यांची एखादी चार वेढ्यांची होते आणि वजनाने जड भरते. फॉर्मवर एवढे पुरते: ‘चकली वजनावर दिली जाते. किलोत साधारण ४० चकल्या बसतात. संख्येत थोडा फरक पडेल, वजनात पडणार नाही.’ शेवटचे तीन शब्द लिहायचे तर काटाही तसा हवा, आणि वजन पाकिटाचे न धरता आतल्या पदार्थाचेच धरायला हवे. घरून स्टीलचा डबा आणणारी गिऱ्हाइके पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी ‘डबा आणल्यास आधी रिकाम्या डब्याचे वजन करून मग फराळ भरला जाईल’ ही ओळ घातली की नंतर काट्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

आगाऊ रकमेची ओळ लिहिताना मराठी माणूस भिडस्त होतो. ‘कृपया शक्यतो आगाऊ रक्कम भरावी’ असे लिहिले की वाचणारा ‘शक्यतो’वर बोट ठेवतो आणि पैसे भरत नाही. याच्या उलट टोकाला ‘आगाऊ रक्कम सक्तीची, कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही’ ही पाटी असते, जिच्यामुळे नेहमीची माणसे दुखावतात. दोन्हींत मूळ माहिती नाहीच: किती, कधीपर्यंत, आणि भरल्याने नेमके काय होते. नमुन्यातल्या घरासाठी ती ओळ अशी होईल: ‘ऑर्डर नोंदवल्यापासून दोन दिवसांत निम्मी रक्कम आगाऊ भरावी. रक्कम मिळाल्याचा निरोप आमच्याकडून आल्यावर ऑर्डर पक्की समजावी. उरलेली रक्कम फराळ नेताना भरावी.’

यातले मधले वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच बहुतेक फॉर्मांवर नसते. फॉर्म भरला म्हणजे मागणी पोहोचली, पैसे पाठवले म्हणजे ती पक्की झाली, असे गिऱ्हाइकाला वाटते. प्रत्यक्षात मोबाइलवरून पाठवलेले पैसे कधी अडकतात, कधी भावाच्या खात्यावरून येतात आणि नाव जुळत नाही, कधी अठ्ठावीस किलो आधीच भरलेले असतात. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पावतीचा पुरावा होत नाही. तो जुना किंवा दुसऱ्याच व्यवहाराचा असू शकतो. करणारीने स्वतःच्या खात्यात रक्कम पाहून निरोप पाठवायचा आणि तोपर्यंत ऑर्डर कच्ची, एवढे लिहिले की दोन्ही बाजू मोकळ्या राहतात. करार कायद्याच्या भाषेत सांगायचे तर फॉर्म भरणे हा गिऱ्हाइकाचा प्रस्ताव झाला आणि निरोप ही त्याला दिलेली स्वीकृती. स्वीकृती केव्हा झाली हे कागदावर असले की वाद फारसा लांबत नाही.

निम्मीच रक्कम का? चकलीच्या आणि लाडवाच्या दरात सामानाचा वाटा साधारण निम्म्याच्या आसपास जातो. तूप, सुके खोबरे आणि वेलदोडे यांमुळे लाडू-करंजीत तो जास्तच. आगाऊ रकमेतून सामान येते, म्हणजे घरच्या पैशाला हात लागत नाही. ज्या गिऱ्हाइकाने शेवटी ऑर्डर सोडून दिली, त्याचे सामान तरी बुडत नाही. पंचवीस टक्के घेतले तर तूप घरच्या खिशातून आणावे लागते. संपूर्ण रक्कम आधी घेतली तर नवे गिऱ्हाईक बिचकते, आणि लाडू बसले किंवा चिवडा मऊ पडला तर कमी करायला हातात काहीच उरत नाही.

‘परत मिळणार नाही’ या शब्दांत मात्र कायदा आड येतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या ७४ व्या कलमाप्रमाणे करार मोडल्यास द्यायची रक्कम आधी ठरवून लिहिलेली असली, तरी मिळते ती वाजवी भरपाई. ठरवलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. पंधरा दिवस आधी ऑर्डर रद्द करणाऱ्याचे सगळे पैसे ठेवून घेतले तर नुकसान काय झाले, हे सांगता यायला हवे. त्या वेळी भाजणीसुद्धा दळलेली नसते. म्हणून रद्द करण्याची ओळ सामानाच्या खरेदीशी जोडलेली असावी: ‘२४ ऑक्टोबरपर्यंत ऑर्डर रद्द केल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत. २५ ते ३० ऑक्टोबरदरम्यान रद्द केल्यास आगाऊ रकमेच्या निम्मी परत. ३१ ऑक्टोबरपासून सामान पदार्थांत वापरले गेलेले असल्याने आगाऊ रक्कम परत करता येणार नाही. आमच्याकडून फराळ देणे शक्य न झाल्यास भरलेली पूर्ण रक्कम दोन दिवसांत परत केली जाईल.’ शेवटचे वाक्य गाळण्याचा मोह होतो. पण सगळ्या अटी एकाच बाजूला असलेला कागद वाचणाऱ्याला खटकतो, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशा एकतर्फी, अन्याय्य करारांविरुद्ध तक्रारीची सोयही आहे. ‘आगाऊ’ ऐवजी ‘विसार’ हा शब्द वापरू नये. घर-जमिनीच्या व्यवहारात व्यवहार मोडला की विसार बुडतो अशी समजूत पक्की आहे, आणि फराळाच्या पैशांनाही तोच नियम लागतो असे लोक धरून चालतात.

आता तारखा. ‘दिवाळीच्या दोन दिवस आधी’ असे लिहिणारे बरेच आहेत, पण दिवाळी कधी हाच प्रश्न असतो. कोणाची वसुबारसेला सुरू होते, कोणाची पहिल्या आंघोळीला. त्यात २०२४ साली लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरला की १ नोव्हेंबरला, आणि २०२५ साली २० की २१ ऑक्टोबरला यावरून देशभर दोन मते झाली. दोन्ही वेळा महाराष्ट्रातल्या पंचांगांनी दुसरी तारीख धरली, तर पुष्कळ बिगरमराठी घरांत पहिल्या तारखेला पूजा झाली. फराळ घेणाऱ्यांत शेजारची हिंदी किंवा गुजराती घरेही असतात. म्हणून तारखेपुढे वार लिहावा आणि सणाचे नाव लिहूच नये. ‘शुक्रवार, ६ नोव्हेंबर’ यात वार आणि तारीख एकमेकांची तपासणी करतात. टायपिंगमध्ये ६ चा ९ झाला तर वार जुळत नाही आणि कोणीतरी विचारतेच.

सगळ्या पदार्थांना एकच शेवटची तारीख ठेवणे ही दुसरी चूक, आणि ती अनारसे उघडी पाडतात. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवतात, पाणी रोज बदलतात. मग निथळून, सावलीत किंचित ओलसर राहतील असे वाळवून दळतात आणि गूळ घालून पीठ मुरायला ठेवतात. मुरायला पाच-सहा दिवस हवेतच, नाहीतर तुपात सोडल्यावर जाळी पडत नाही किंवा अनारसा विरघळून जातो, म्हणजे घरच्या भाषेत ‘हसतो’. मागे मोजत गेले तर हिशेब असा लागतो: ४ नोव्हेंबरला तळायचे, तर २९ ऑक्टोबरपासून पीठ मुरत पडलेले हवे, २८ ला दळलेले, आणि तांदूळ २५ ला भिजत घातलेले. म्हणजे अनारशांची मागणी २४ तारखेच्या रात्री थांबलीच पाहिजे. चिवडा मात्र आदल्या दिवशीच्या मागणीवरही करता येतो. फॉर्मवर म्हणून दोन ओळी लागतात: ‘अनारशांची ऑर्डर शनिवार, २४ ऑक्टोबर रात्री ९ वाजेपर्यंत नोंदवावी. इतर पदार्थांची ऑर्डर शुक्रवार, ३० ऑक्टोबर रात्री ९ वाजेपर्यंत किंवा ठरलेली संख्या पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत घेतली जाईल.’ दुसऱ्या ओळीतला ‘ठरलेली संख्या’ हा भाग म्हणजे त्या अठ्ठावीस किलोंची कुंपणाची तार. ती नसेल तर ३० तारखेला रात्री पावणेनऊला आलेली पाच किलोंची मागणी नाकारायला काही आधार राहत नाही. तारखेला वेळही हवी, कारण ‘३० पर्यंत’ म्हणताना ३० तारीख धरायची की नाही यावर मराठी माणसांत एकमत नाही.

नेण्याच्या तारखा टिकण्यावरून ठरतात. सुक्या खोबऱ्याची करंजी आणि बेसनाचे लाडू दोन आठवडे बिनघोर राहतात. ओल्या नारळाची करंजी दोन दिवसांवर राहत नाही, म्हणून ती या फॉर्मवर नाहीच. चकली-चिवड्याला दमट हवा चालत नाही, आणि मुंबई-कोकणात तर ऑक्टोबरअखेर एखादी सर आली तरी पाकीट उघडे राहून भागत नाही. नमुन्यातल्या घरी नेण्याचे दोन दिवस ठेवता येतील: गुरुवार ५ आणि शुक्रवार ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५ ते ९. शनिवार सकाळ राखीव. दिवस गिऱ्हाइकाने फॉर्म भरतानाच निवडायचा, कारण चाळीस घरांचे डबे एकाच संध्याकाळी बैठकीत मांडायला जागा नसते. लिहायचे ते असे: ‘फराळ निवडलेल्या दिवशी संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत न्यावा. दुसरे कोणी नेणार असल्यास त्यांचे नाव आदल्या दिवशी कळवावे आणि त्यांच्याकडे ऑर्डर क्रमांक द्यावा. त्या दिवशी न नेलेला फराळ शनिवार, ७ नोव्हेंबर दुपारी १२ पर्यंत राखून ठेवला जाईल. त्यानंतर तो दुसऱ्यास देण्यात येईल.’ ऑर्डर क्रमांकाची ओळ फुकटची वाटते, पण एका सोसायटीत दोन कुलकर्णी असले आणि एकाच्या चिवड्यात शेंगदाणे नको असले की तिची किंमत कळते.

परदेशी फराळ पाठवणाऱ्यांसाठी वेगळी रांग लागते. त्यांचे पार्सल सणाच्या तीन-चार आठवडे आधी निघायला हवे, म्हणून त्यांना ५ नोव्हेंबरची तारीख उपयोगाची नाही. फॉर्मवर ‘परदेशी पाठवण्यासाठी’ असा चौकोन ठेवून त्यापुढे ‘१० ऑक्टोबर रोजी न्यावे, ऑर्डर २ ऑक्टोबरपर्यंत’ असे लिहिता येते. कोणत्या देशात काय अडवतात, दुधातुपाचे पदार्थ चालतात का, हे पाठवणाऱ्याने कुरिअरकडे विचारायचे, हेही तिथेच सांगावे.

उरलेल्या ओळी थोड्या आहेत. चिवड्यात शेंगदाणे आणि काजू, शंकरपाळी-करंजीत गहू किंवा मैदा, लाडवात तूप, हे ज्याला बाधते त्याला कळायला हवे, म्हणून प्रत्येक पदार्थाखाली मुख्य घटक आणि तळणीचे तेल लिहितात. ‘शेंगदाण्याशिवाय’ चिवडा करून देता येतो, पण त्याच स्वयंपाकघरात शेंगदाणे असतात, हेही सांगणे भाग आहे. फराळ विकणाऱ्या घराला अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक फॉर्मवर आणि बिलावर असावा. २०२२ पासून बिलावर तो छापणे बंधनकारकच आहे.

आता हा फॉर्म एका मागणीवर चालवून पाहू. कोथरूडहून एकजण २१ ऑक्टोबरला एक किलो चकली, एक किलो लाडू, अर्धा किलो चिवडा, पंधरा करंज्या आणि सहा अनारसे नोंदवतो. अनारसे किमान बारा आहेत. फॉर्मवर ओळ स्पष्ट असल्याने त्याला एवढेच विचारायचे, बारा करायचे की काढून टाकायचे. तो काढून टाकतो. चकली ६४० रुपये किलो, लाडू ८०० रुपये किलो, चिवडा ४८० रुपये किलो आणि करंजी ३० रुपये नग असे दर धरले तर ६४०, ८००, २४० आणि ४५० मिळून २,१३० रुपये होतात. निम्मे १,०६५. पैसे २३ तारखेला जमा झाले की निरोप जातो:

‘ऑर्डर क्र. १७ पक्की. चकली १ किलो, बेसन लाडू १ किलो, चिवडा अर्धा किलो (शेंगदाण्यासह), करंजी १५ नग. एकूण २,१३० रुपये. आगाऊ मिळाले १,०६५, नेताना द्यायचे १,०६५. फराळ शुक्रवार, ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत न्यावा. बदल करायचा असल्यास ३० ऑक्टोबरपर्यंत कळवावे.’

बदलाची तारीख निरोपात मुद्दाम पुन्हा येते. २ नोव्हेंबरला त्याच माणसाचा फोन येतो, लाडू अर्धा किलो कमी करायचे आहेत, सासूबाईंनी पाठवलेत. बेसन आदल्या दिवशीच भाजून झालेले असते. त्याला निरोपातली शेवटची ओळ वाचायला सांगितली की तो एक किलो घेऊन जातो. आणि जर त्याच सोसायटीतल्या कोणाला अर्धा किलो जास्त हवे असतील, तर त्या दोघांची गाठ घालून देता येते.